१ए ते ४सी : केसांच्या तक्त्याचा मागोवा

कुरळ्या केसांच्या शाम्पू-कंडिशनरवर हल्ली आकडे-अक्षरं छापलेली असतात : २सी, ३ए, ३बी. मुली एकमेकींना विचारतात, ‘तुझे केस कितीचे?’ आणि समोरची बिनदिक्कत सांगते, ‘वरती दोन-सी, मानेपाशी तीन-ए.’ या भाषेमागे एक तक्ता आहे. डावीकडे ताणलेल्या दोऱ्यासारखा सरळ केस, त्याच्या शेजारी किंचित लाट, मग इंग्रजी एस, मग स्प्रिंग, मग इंग्रजी झेडसारखे कोन आणि अगदी उजवीकडे इतका घट्ट वळलेला केस की त्याचा वेढा डोळ्यांना वेगळा दिसतच नाही. सरळ ते १, लाटदार ते २, कुरळे ते ३, घट्ट वळणांचे ते ४. प्रत्येकात ए, बी, सी.

या तक्त्याबद्दल एक गोष्ट अनेक लेखांतून सांगितली जाते. ऑयगेन फिशर नावाच्या जर्मन वंशशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये आफ्रिकेत माणसं किती ‘गोरी’ आहेत हे ठरवायला केसांचं एक मोजमाप तयार केलं, आणि आजचा तक्ता हा त्याचाच नातू. म्हणजे ‘माझे केस ३बी’ असं म्हणणारी मुलगी नकळत वंशवाद्यांचीच मोजपट्टी वापरते आहे. गोष्ट ऐकायला सणसणीत आहे, आणि तिच्यातला काही भाग खराही आहे. पण घराण्याचा हा कागद जरा तपासून घ्यायला हवा.

आजचा तक्ता ज्याच्या नावाने ओळखला जातो तो माणूस आंद्रे वॉकर. शिकागोचा हा केशरचनाकार ओप्रा विन्फ्रीचे केस वर्षानुवर्षं करत होता. १९९७ मध्ये त्याने केसांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात चार प्रकार मांडले. गंमत म्हणजे त्याच्या मूळ मांडणीत ३ आणि ४ या प्रकारांना ए आणि बी एवढेच उपविभाग होते. ३सी आणि ४सी त्याने लिहिलेलेच नाहीत. पुस्तक बाहेर आल्यावर इंटरनेटवर केसांविषयी बोलणाऱ्या कुरळ्या केसांच्या बायकांना, त्यातही बहुतेक कृष्णवर्णीय अमेरिकन बायकांना, त्या चौकटी अपुऱ्या वाटल्या. पेन्सिलीएवढी बारीक स्प्रिंग असलेल्या केसांना ३बी म्हणायचं की ४ए? मग त्यांनी स्वतःच ३सी केलं. ज्यांच्या केसांत वेढा दिसतच नाही त्यांनी ४सी केलं. आज या दोन प्रकारांबद्दल भरपूर बोललं जातं, आणि ते ग्राहकांनी घातलेली भर आहेत. वॉकरचा हेतूही साधाच होता : डोक्यावर काय आहे ते बघून धुणं, विंचरणं, सेट करणं ठरवावं, आणि आपली उत्पादनंही विकली जावीत. धंदेवाईक हेतू, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता फिशर. त्याची एक पेटी आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संग्रहात आहे. पत्र्याची चपटी पेटी, आत ओळीने लावलेल्या कृत्रिम केसांच्या तीस बटा, प्रत्येक बटेला क्रमांक. माणसाच्या डोक्याशेजारी पेटी धरायची, जुळणारी बट शोधायची, वहीत क्रमांक लिहायचा. बटांचे फोटो नीट पाहिले की एक गोष्ट चटकन लक्षात येते : त्या सगळ्या सारख्याच आकाराच्या आहेत. फरक आहे तो फक्त रंगात. हे केसांच्या रंगाचं मोजमाप आहे, वळणाचं नाही. नंतर १९२८ मध्ये कार्ल झालरबरोबर ते सुधारून घेतलं गेलं आणि फिशर-झालर मोजपट्टी या नावाने मानववंशशास्त्रात बराच काळ चाललं, तेही रंगासाठीच.

यामुळे फिशर निर्दोष ठरत नाही, हेही लगेच म्हटलं पाहिजे. १९०८ मध्ये तो जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेला. तिथे जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा केलेला संहार नुकताच संपत आला होता. रेहोबोथ गावात डच पुरुष आणि नामा स्त्रियांच्या वंशजांचा एक समाज होता. फिशरने त्यांची डोकी, नाकं, डोळे, केस मोजले आणि १९१३ मध्ये त्यावर मोठं पुस्तक काढलं. संकराने माणसाचा दर्जा घसरतो असं त्याचं मत होतं, आणि आकडे त्याने त्याच मताच्या कामाला जुंपले. पुढे १९२७ मध्ये बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचा तो संचालक झाला. नात्झींनी वंशशुद्धीचे कायदे केले तेव्हा त्यांना विज्ञानाचा मुलामा देणाऱ्यांत तो पहिल्या रांगेत होता.

या संस्थेशी आपला एक धागा जुळतो आणि तो इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या त्या याच संस्थेत, याच फिशरच्या हाताखाली पीएचडी करायला. फिशरची अटकळ अशी होती की युरोपीय माणूस जास्त तर्कबुद्धीचा असल्यामुळे त्याच्या कवटीच्या दोन बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असणार. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळीकडे सापडली, पण तिचा वंशाशी संबंध काही लागेना, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. मार्गदर्शकाच्या लाडक्या कल्पनेवर त्याच्याच संस्थेत बसून असं पाणी ओतायला काय लागतं, याची कल्पना प्रबंध लिहिलेल्या कुणालाही करता येईल. अर्थात पुढे पुण्याला परतल्यावर त्यांनीही इथल्या जातीजमातींच्या शरीरांची मोजमापं घेतलीच. त्या काळच्या मानववंशशास्त्राचं तेच हत्यार होतं, आणि ते हातात घेतलं की माणूस मोजत सुटायचाच.

म्हणजे पेटी रंगाची निघाली. मग केसांच्या वळणावरून माणसांचे गट पाडले गेलेच नाहीत का? गेले. फिशरच्या कितीतरी आधीपासून, आणि त्याच्याहून जास्त ठामपणे.

१८२० च्या दशकात फ्रान्सच्या बोरी द सँ-व्हँसाँने मानवजातीचे सरळ केसांचे आणि लोकरी केसांचे असे दोन ढोबळ भाग केले. फिलाडेल्फियात पीटर ब्राउन नावाच्या एका वकिलाला केस गोळा करण्याचा छंद लागला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बटासुद्धा त्याने मिळवल्या. केस आडवा कापून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि १८५० च्या सुमारास निकाल दिला : मूळ अमेरिकनांचा केस गोल, गोऱ्यांचा अंडाकृती, आफ्रिकनांचा चपटा, म्हणून या तीन वेगळ्या जाती, प्राण्यांच्या असतात तशा. अमेरिकेत गुलामगिरी चालू होती आणि अशा निकालाला गिऱ्हाईक तयारच होतं. १८६८ मध्ये जर्मनीत एर्न्स्ट हेकेलने तर मानवजातीच्या झाडाचा पहिला फाटाच केसांवरून काढला. लोकरी केसवाले एकीकडे, सपाट केसवाले दुसरीकडे. लोकरीतही पुन्हा दोन पोटगट. त्यातल्या ‘झुपक्याच्या केसांच्या’ गटात त्याने न्यू गिनीचे पापुअन आणि दक्षिण आफ्रिकेचे खोईखोई शेजारी शेजारी बसवले. पुढे केंब्रिजच्या हॅडनने विसाव्या शतकातही हाच पाया धरला : लोकरी, लाटदार आणि सरळ हे तीन मुख्य विभाग, बाकी नाक आणि डोकं त्याखाली. १९१४ मध्ये रूडोल्फ मार्टिनच्या जाडजूड पाठ्यपुस्तकात केसांच्या आकारांची चित्रांची ओळ आली : ताठ सरळ, सपाट लाट, रुंद लाट, अरुंद लाट, कुरळा आणि असं करत सर्पिल. ती ओळ बघितली तर आजच्या शाम्पूच्या तक्त्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

आजच्या तक्त्याला पूर्वज शोधायचाच, तर तो फिशरच्या पेटीत नाही, या ओळीत आहे. तरी ‘पूर्वज’ हा शब्द मी जपूनच वापरेन. एका टोकाला सरळ, दुसऱ्या टोकाला घट्ट वळण असं कुणीही केस मांडायला बसला तर बऱ्यापैकी हीच ओळ तयार होते. वॉकरने मार्टिन वाचला होता असं कुणी दाखवलेलं नाही. चेहरा मिळताजुळता आहे, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

भारतातही हा प्रकार पोचला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बिरजाशंकर गुहा यांनी कोचीनच्या डोंगरातल्या काडर लोकांत काहींचे केस सर्पिल असल्याचं नोंदवलं आणि त्यावरून दक्षिण भारतात अंदमानी लोकांसारखा ‘नेग्रिटो’ वंशाचा थर असल्याचं मांडलं. डोक्यावरचा एक आकार बघितला आणि हजारो वर्षांच्या स्थलांतराची गोष्ट तयार झाली. वादही बरेच झाले, पण वादात दोन्ही बाजूंनी गृहीत एकच धरलेलं : केस सारखे म्हणजे रक्त सारखं.

हे गृहीत कोसळतं ते हेकेलच्या त्याच गटात. पापुअन आणि खोईखोई. दोघांचे केस घट्ट वळणांचे, डोळ्यांना अगदी जवळचे. पण जनुकं तपासली तर पापुअनांचे पूर्वज आफ्रिकेबाहेर पडलेल्या त्याच माणसांतले निघतात ज्यांच्यापासून युरोप आणि आशियातली बाकी माणसं आली. म्हणजे सांगलीचा सरळ केसांचा शेतकरी आणि न्यू गिनीचा घट्ट कुरळ्या केसांचा शेतकरी हे एकमेकांना जास्त जवळचे, आणि खोईखोई त्या दोघांपासूनही लांब. केस मात्र नेमकं उलटं सांगतात.

सरळ केसांचंही तेच. चीन-जपानच्या बाजूच्या लोकांत सरळ, जाड केसांशी ईडीएआर या जनुकातला एक बदल जोडलेला आहे. युरोपीय लोकांत केस सरळ की कुरळे यावर परिणाम करणारा एक महत्त्वाचा बदल टीसीएचएच या वेगळ्याच जनुकात आहे. दोन्हीकडचा केस तक्त्यावर ‘१’ याच रकान्यात जातो, पण तिथे पोचण्याचे रस्ते वेगळे. वंशाच्या खात्यात जर काही बसायला हवं असेल तर निदान ते एका वाटेने आलेलं असावं. केसांचं वळण तसं नाही. शिवाय हे एका-दोन जनुकांचं काम नाही. अनेक जनुकं थोडा थोडा हात लावतात, म्हणून एकाच आईबापांच्या चार मुलांत एक सरळ, दोन लाटदार आणि एक कुरळी निघते. घरोघरी दिसणारी गोष्ट आहे.

वळणाचं वंशात रूपांतर करायला निघालं की काय होतं, याचा प्रत्यक्ष प्रयोग दक्षिण आफ्रिकेने करून पाहिला. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाला गोरा, मिश्र किंवा काळा असा शिक्का मारायचं ठरवलं. शंका आली तर अधिकारी काही घरगुती कसोट्या वापरत, त्यातली एक पेन्सिलीची. केसांत पेन्सिल खोचायची. ती घसरून पडली तर गोरा, अडकली तर नाही. काळा की मिश्र असा प्रश्न असला तर डोकं हलवायला सांगायचं आणि पेन्सिल पडते का बघायचं. एकाच घरातल्या भावंडांना वेगवेगळे शिक्के बसले आणि कायद्याने त्यांची राहण्याची वस्तीसुद्धा वेगळी झाली. सँड्रा लेंगची गोष्ट तर जगभर गेली. १९५५ मध्ये जन्मलेली, आईबाप दोघंही गोरे आफ्रिकानर, पण कातडी सावळी आणि केस कुरळे. दहा वर्षांची असताना तिला गोऱ्यांच्या शाळेतून पोलिसांकरवी काढलं आणि नोंद मिश्र अशी केली. बाप कोर्टकचेऱ्या करत राहिला. १९६७ मध्ये कायदा बदलून आईबापांचा वर्ग तोच मुलांचा असं ठरलं, तेव्हा ती कागदावर पुन्हा गोरी झाली. तिच्या केसांत मधल्या काळात काहीही बदललं नव्हतं.

पेन्सिल आजच्या तक्त्यातही आहे, आणि फरक बघायला तीच उपयोगी पडते. कुरळ्या केसांच्या बायका वेढ्याची रुंदी सांगताना हाताशी असलेल्या वस्तू वापरतात : ३ए म्हणजे फुटपाथवर रेघा मारायच्या जाड खडूएवढा वेढा, ३बी मार्कर पेनाएवढा, ३सी पेन्सिलीएवढा, ४ए क्रोशाच्या सुईएवढा. दोन्हीकडे पेन्सिल एकच आहे. तिकडे ती माणसाबद्दल निकाल द्यायला होती. इकडे ती एका केसाच्या वेढ्याशेजारी धरतात आणि तिच्यावरून कंडिशनर किती घ्यायचा ते ठरतं. निकाल बदलायचा तर डोक्याची दुसरी बट धरायची, आणि बहुधा तो बदलतोच.

केस मुळात का वळतो, हे थोडक्यात. त्वचेत केस ज्या नळीत तयार होतो ती सरळ असेल तर केस सरळ येतो. नळी खालच्या टोकाला वाकलेली असली आणि तिच्या दोन बाजूंना केसाची पेशी-सामग्री सारख्या पद्धतीने घट्ट होत नसली, तर बाहेर पडणारा केस एका बाजूला ओढला जातो आणि वळतो. घट्ट झालेल्या केसातली प्रथिनं गंधकाच्या बंधांनी जोडलेली असतात आणि ते बंध वळण टिकवून धरतात. पार्लरमध्ये केस कायमचे सरळ करतात तेव्हा हेच बंध रसायनाने तोडतात. मुळातली नळी तशीच राहते, म्हणून सहा महिन्यांनी मुळाशी नवा कुरळा केस दिसू लागतो. दुसरे बंध पाण्याने सुटतात आणि सुकताना पुन्हा जुळतात. पावसाळ्यात इस्त्री केलेले केस दुपारपर्यंत फुगतात ते त्यामुळे. वयात येताना, बाळंतपणानंतर, केमोथेरपीनंतर वळण बदलतं, कधी सरळ केस कुरळे होऊन उगवतात. माणसाचा वंश काही बाळंतपणात बदलत नाही.

चौकटींऐवजी मोजमापच करायचं ठरवलं तर काय दिसतं, याचं उत्तर २००७ मध्ये मिळालं. लॉरेआलच्या संशोधकांनी १८ देशांतल्या १,४४२ लोकांचे केस घेतले. आफ्रिकन केस, आशियाई केस, युरोपीय केस अशी जी तीन खाती सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात आणि गुन्हे तपासातही चालत होती, ती त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवली. त्याऐवजी केसाच्या वेढ्याचा व्यास, ताणलेल्या लांबीचं सुटलेल्या लांबीशी प्रमाण आणि लाटांची संख्या मोजली. त्यातून आठ प्रकार निघाले. केस कुठल्या लोकांचा आहे हे न विचारता वर्गीकरण करता येतं, आणि एकच प्रकार दूरदूरच्या लोकांत सापडतो, एवढं त्या कामाने दाखवून दिलं. पुढे टीना लासिसी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी केसाचे लहान तुकडे करून, त्यांचे फोटो काढून, संगणकाकडून प्रत्येक तुकड्याची वक्रता मोजून घेण्याची पद्धत बसवली. त्यात तर चौकटीही उरत नाहीत, सरळपासून घट्टपर्यंत अखंड पसरलेले आकडे मिळतात. ब्राउन वकिलाची ‘चपटा छेद म्हणजे कुरळा केस’ ही समजूतही मोजल्यावर फारशी टिकत नाही, छेद आणि वळण यांचं नातं बरंच कच्चं निघतं.

मग तक्ता निर्दोष आहे का? मला तसं वाटत नाही. त्यातली एक खोट आकड्यांच्या क्रमातच आहे. १ वरून सुरुवात, ४सी शेवटी. आकडा वाढेल तसा ‘त्रास’ वाढतो अशी भावना आपोआप तयार होते. ३ए चे फोटो जाहिरातीत, ४सी कुठेच नाही, हे अमेरिकन कृष्णवर्णीय बायका वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. वॉकरनेही २०११ मध्ये एका मासिकाच्या मुलाखतीत सांगितलं की फक्त घट्ट वळणांच्या केसांनाच तो रसायनाने सैल करून घ्यायचा सल्ला देतो, आणि त्यावर बराच गदारोळ झाला. तक्ता वंश सांगत नाही, पण तक्ता वापरणाऱ्या समाजाला वंशाची सवय जडलेली असेल तर ती सवय रकान्यांत शिरते.

अमेरिकेच्या कायद्यात ही गुंतागुंत चांगली दिसते. केसांच्या ठेवणीवरून नोकरी नाकारली तर तो वंशभेद नाही, कारण ठेवण बदलता येते, असं तिथल्या न्यायालयांनी म्हटलं होतं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने क्राउन कायदा केला, नंतर इतर राज्यांनीही. त्या कायद्यात केसांचा पोत म्हणजे वंश असं म्हटलेलं नाही. ऐतिहासिकदृष्ट्या वंशाशी जोडली गेलेली लक्षणं, त्यात केसांचा पोतही, भेदभावाचं कारण करता येणार नाहीत, असं म्हटलं आहे. जोडणारी माणसं होती आणि आहेत, याची ती कबुली. कायद्याने हे एवढं बारीक धरलं याचं मला कौतुक वाटतं, कारण लेख लिहिणारे बहुतेकजण ते निसटू देतात.

आता तक्त्याचा उपयोग कुठपर्यंत, ते एका डोक्यावर बघू. माझ्या भाचीने मध्यंतरी विचारलं, ‘मावशी, मी २सी की ३बी?’ तिचे केस साबणाने धुवून, काहीही न लावता, न विंचरता वाळू दिले. वाळल्यावर डोक्यावरच्या भागातली एक बट घेतली. ताणली तर २० सेंटिमीटर, सोडली तर १६. भागाकार सव्वा. लाट स्पष्ट, वेढा नाही. हे २सी. मग मानेपाशी कानामागची बट. ताणली तर तीही २०, सोडली तर ८. भागाकार अडीच, आणि वेढा मार्करच्या टोपणावर बरोबर बसला. हे ३बी. एकाच डोक्यावर, एकाच मुलीच्या, दोन आकडे. त्यातला एक निवडा असं म्हटलं तर निवडणार तरी कशावरून?

तिची खरी अडचण वेगळीच निघाली. बाटली घेतली होती ३बी ची, आत लोणीयुक्त जाड मलम. ते लावून वाळवलं की केस तेलकट होऊन डोक्याला चिकटायचे. कारण तिचा प्रत्येक केस बारीक आहे, बोटांत फिरवला तर जेमतेम जाणवतो. तक्त्यात बारीक-जाड हा रकानाच नाही. ३बी बारीकही असतो आणि सुतळीसारखा जाडही, आणि दोघांना एकच मलम चालत नाही. केस पाणी किती पटकन ओढतो आणि सोडतो हेही तक्ता सांगत नाही. त्यासाठी ग्लासातल्या पाण्यात केस टाकून बुडतो का बघायची युक्ती सगळीकडे सांगतात, ती फसवी आहे. केसावर तेलाचा किंवा कंडिशनरचा लवलेश असला तर पाण्याच्या पृष्ठताणावर तो तरंगत राहतो, आत काहीही असो. त्यापेक्षा धुतल्यावर केस वाळायला किती वेळ लागतो ते बघावं. तासाभरात खडखडीत वाळले तर पाणी पटकन सुटतंय. बारीक केस तसेही लवकर वाळतात, तेवढं मनात धरून.

वळणाचा आकडा उपयोगी पडला तो एकाच ठिकाणी, विंचरताना. केस जितका जास्त वळलेला तितके त्याचे वाकणाचे बिंदू जास्त, आणि वाकणाशी तो आधी तुटतो. टाळूचं तेलही वळणं ओलांडून टोकाला पोचत नाही. म्हणून मानेपाशी, जिथे अडीच पट आखडतो तिथे, कोरड्या केसांत फणी घालायची नाही. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत रुंद दातांचा कंगवा, आधी टोकं, मग वर सरकत मुळाकडे. डोक्यावरच्या सव्वा पट केसांना एवढं काही लागत नाही, तिथे हात फिरवला तरी गुंता सुटतो. भाचीने आता दोन बाटल्या ठेवल्या आहेत : वर हलकं पाणीदार लोशन, मानेपाशी थोडं दाट. दोन्हींवर आकडा छापलेला आहे, आणि दोन्ही तिच्याच आहेत.